सहकाऱ्याच्या आईबद्दल चार ओळी

"माझ्या सहकाऱ्याची आई गेली. मेल पाठवायचा आहे, पण जे लिहिते ते छापील वाटतं. त्यांना मी कधी भेटलेही नाही. काय लिहू?"

असं विचारणाऱ्यांपैकी एकीची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. तिच्या मसुद्यात ‘दुःखद निधनाची वार्ता’, ‘भरून न येणारी पोकळी’, ‘मृतात्म्यास चिरशांती’ असं सगळं होतं. मी विचारलं, "नाव बदललं तर हा मेल दुसऱ्या कुणाला चालेल?"

"कुणालाही चालेल."

"त्याच्या आईबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"काहीच नाही."

"मग त्याला आई आहे, हे तरी तुम्हाला कसं कळलं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. अशा वेळी पुढचा प्रश्न न विचारणं हेच माझं काम, आणि आता ते मला जमतं याचं समाधान आहे. मग ती म्हणाली, "रोज जेवणाच्या सुट्टीत तो फोन करायचा. ‘गोळी घेतलीस का?’ विचारायचा. तिकडून काहीतरी विचारलं जायचं आणि तो हसून म्हणायचा, ‘हो गं, जेवलो.’"

मेल तिथेच सापडला.

गेलेल्या माणसापासून मन सोडवून पुढे जायचं, असं पूर्वी मानलं जाई. शोकाचा अभ्यास करणारे डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये वेगळं मांडलं: नातं संपत नाही, रूप बदलून सोबत राहतं. मी त्याच विचाराची आहे. ‘आपल्या आईची आठवण आणखी कुणाकडे तरी आहे’ हे कळणं मला सांत्वनाच्या कुठल्याही शब्दापेक्षा मोठं वाटतं.

तिने विषयाच्या जागी ‘तुझ्या आईबद्दल’ लिहिलं आणि खाली एवढंच:

"आई गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. त्यांना मी भेटले नाही, पण जेवणाच्या सुट्टीतलं तुझं ‘हो गं, जेवलो’ माझ्या लक्षात आहे. महिनाअखेरचा अहवाल मी पूर्ण करते, साहेबांशी बोलले आहे. उत्तर द्यायची गरज नाही."

तिला ‘मी समजू शकते, माझेही वडील गेले’ हे वाक्य घालायचं होतं. ते मी काढायला लावलं, कारण मग त्यालाच तिचं सांत्वन करावं लागलं असतं. ‘काही लागलं तर सांग’ यात मागण्याचं ओझं त्याच्यावर पडतं, म्हणून तिथे अहवाल आला. ‘त्रासातून सुटल्या’ हे म्हणायचा अधिकार फक्त मुलाचा.

आई-वडिलांशी त्याचं पटत नव्हतं हे ठाऊक असेल, तर त्यांचं कौतुक करू नका. ‘या दिवसांत तुझी आठवण येते आहे’ एवढं पुरे. त्याची श्रद्धा माहीत नसेल तर आत्मा, स्वर्ग हे शब्दही नकोत. मेल त्याला एकट्यालाच पाठवा, ऑफिसच्या सामूहिक मेलखाली जोडू नका. महिना उलटून गेला असला तरी पाठवा, फक्त उशिराची कारणं लिहू नका.