अकराचा भाग आणि माझे गेलेले तीन गुण

प्रश्न : १२२१, ४७७४, ८३३८ अशा उलटसुलट सारख्या, सम अंकी संख्यांना नेहमी ११ ने भाग जातो. असं का?

‘कसोटी लागू होते म्हणून’ हे उत्तर तुम्हाला बरेच जण देतील. विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज आणि सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज सारखीच येते, वजाबाकी शून्य, म्हणून भाग जातो. बरोबर आहे. पण तुम्ही ‘का’ विचारलंत, आणि हे ‘का’चं उत्तर नव्हे. कसोटी का चालते, हा प्रश्न तसाच उरतो. आठवीत मी हेच वर्गात बोललो होतो, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

आमच्या बाबांच्या स्कूटरचा नंबर होता ४७७४. सातवीच्या उन्हाळ्यात मामा आला होता. तो म्हणाला, ‘याला अकराने भाग जातो, बघ. असल्या सगळ्यांनाच जातो.’ मी म्हटलं, सगळ्यांना कशावरून? तो म्हणाला, ‘कर की मग सगळे. नव्वदच आहेत.’ मला वाटतं, दुपारी झोपू द्यावं म्हणूनच त्याने ते सांगितलं. पण मी खरंच बसलो. जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पानं घेतली आणि १००१ पासून ९९९९ पर्यंत नव्वद भागाकार केले. दोन दुपारी गेल्या.

बाकी कुठेच उरली नाही, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, मामाने ते आधीच सांगितलं होतं. मी बघत बसलो तो भागाकारांचा रकाना. ९१, १०१, १११, १२१... दहादहाने वाढत १८१ पर्यंत. हा झाला १९९१ चा भागाकार. पुढची संख्या २००२, तिचा भागाकार १८२. फक्त एकाने वाढला! मग पुन्हा दहा, दहा, दहा. नऊ वेळा दहा आणि एकदा एक, असं शेवटच्या ९०९ पर्यंत. मध्येच मला ६६७ दोनदा दिसला, तेव्हा भागाकार न तपासताच कळलं की ७४४७ चुकलंय, तिथे ६७७ हवं.

माझ्या मते तुमचं खरं उत्तर त्या रकान्यातच आहे. ४६६४ वरून ४७७४ वर जाताना मधले दोन्ही अंक एकेकाने वाढतात, म्हणजे संख्या ११० ने वाढते. मधे ९९ झाले की पुढच्या उडीत टोकाचे दोन्ही अंक एकेकाने वाढतात (१००१ ची भर) आणि मधल्या दोन नवांचे शून्य होतात (९९० ची घट). १००१ वजा ९९० म्हणजे ११. चार अंकी संख्यांमध्ये तिसरी उडीच नाही. सुरुवात १००१, म्हणजे ११ गुणिले ९१. जिथून निघालो तो ११ च्या पटीत आणि प्रत्येक पाऊलही ११ च्या पटीत, मग पाय दुसरीकडे पडेल कसा? ते नव्वद भागाकार करायची गरजच नव्हती.

सहा अंकीतही तेच. १००००१ पासून निघा. पुढची १०११०१, उडी ११०० ची. १०९९०१ वरून ११००११ वर ११० ची. १९९९९१ वरून २००००२ वर ११ ची. आता फक्त १००००१ ला भाग जातो का ते बघायचं. त्यातून १००१ काढा, ९९००० उरतात. त्यांना ११ ने भाग जातो हे डोळ्यांनाच दिसतं, आणि १००१ ला जातो हे आधीच झालंय. आठ अंकी १००००००१ असं डोळे फिरवणारं काही लिहीत नाही, पण त्यातूनही सहा अंकीवाली काढली की ९९ पुढे नुसती शून्यंच राहतात.

आता ते तीन गुण. आठवीच्या चाचणीत प्रश्न होता, ‘चार अंकी उलटसुलट सारख्या संख्येला ११ ने भाग जातो, कारण द्या.’ गुण तीन. मी उड्यांचं सगळं लिहिलं, पाऊण पान. सरांनी त्यावर लाल शाईने तिरकी रेघ मारली. खाली लिहिलं, ‘कसोटी वापरा. मग १३१ ला का जात नाही?’ आणि शून्य.

मी विचारायला गेलो तर म्हणाले, कसोटी म्हणजे कसोटी, ती पाठ पाहिजे. मी म्हटलं, सर, कसोटी का चालते? ‘पुस्तकात आहे म्हणून.’ वर्ग हसला. खरं सांगायचं तर मला त्या १३१ चं उत्तर आलं नव्हतं, आणि शून्यापेक्षा तेच जास्त लागलं.

उत्तर असं होतं, सर. तीन अंकीत मधला अंक एकटाच असतो, त्यामुळे उडी १० ची पडते, ११० ची नाही. १० म्हणजे ११ ला एक कमी, म्हणून प्रत्येक उडीला बाकी एकाने उतरते. १०१ ला बाकी २, १११ ला १, १२१ ला शून्य, आणि १३१ ला थेट १०. शंभराच्या घरात भाग जाणारी एकच सापडते. पाचशेच्या घरात तीही नाही. ५०५ ला बाकी १० असते, ती उतरत ५९५ ला १ वर येते आणि घर संपतं. एका पावलाने हुकतं! नव्वदांपैकी आठांनाच भाग जातो, शेवटची ९७९. विषम अंकीत भाग गेला तर तो योगायोग. सम अंकीत तो जातोच. ‘तो कवी डालडा विकतो’मध्ये ‘डालडा’तला ‘ल’ एकटा पडतो तसा तो मधला अंक.

तुमच्या मुलाने किंवा मुलीने असलं काही लिहिलं आणि गुण गेले, तर शाळेत जाऊन भांडा. आमच्या घरून कोणी गेलं नाही.

आता सरांच्या बाजूनेही सांगायला हवं. त्यांची कसोटी चूक नाही, आणि तिला कारणही आहे. १० म्हणजे ११ वजा १, म्हणून एकक, दशक, शतक या स्थानांचं मोल ११ च्या हिशेबात अधिक एक, उणे एक, अधिक एक असं आलटूनपालटून येतं. सम अंकी संख्येत जोडीतला एक अंक अधिकवर बसतो आणि त्याचा जोडीदार उणेवर, म्हणून सगळं फिटतं. हे दोन ओळींत होतं, माझं पाऊण पान होतं. पण सरांनी या दोन ओळी कधी सांगितल्या नाहीत.

आणि उलट समजू नका, ११ ने भाग गेला म्हणून संख्या उलटसुलट सारखी असते असं नाही. १५४ बघा. शिवाय हे सगळं आपल्या दशमान पद्धतीपुरतं. दहाऐवजी दुसरा पाया घेऊन संख्या लिहिलीत तर ११ च्या जागी त्या पायापेक्षा एकाने मोठी संख्या येते. द्विमानातली १००१ म्हणजे आपले ९, त्याला ३ ने भाग जातो.

स्कूटर नंतर विकली. ४७७४ ला ११ ने भागलं की ४३४ येतात, तीही उलटसुलट सारखी. हे मामालाही माहीत नव्हतं.