सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी का सरकतो

> दीड तासाचा कार्यक्रम, तीन कॅमेरे, मिक्सरवरून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. प्रीमियरमध्ये ऑडिओवरून सिंक केलं. सुरुवात ठीक आहे, पण शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. शिवाय अँगल बदलला की आवाजही बदलतो. काय करू?

आधी चूक कशी वाढते ते बघा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी थांबून प्रत्येक कॅमेरा रेकॉर्डरच्या आवाजाशी ताडून पाहा. टाळी किंवा तबल्याची थाप मिळाली तर उत्तम. नाहीतर बोलणाऱ्याचे प, ब, म बघा, कारण या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात आणि एका फ्रेमचा फरकही पकडता येतो.

फरक सगळीकडे सारखाच असेल तर कारण बहुतेक अंतराचं असतं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो आणि 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते, म्हणजे दर 14 मीटरला जवळपास एक फ्रेम. स्पीकरपासून 34 मीटर मागे असलेल्या कॅमेऱ्याच्या माइकला आवाज अडीच फ्रेम उशिरा ऐकू येतो. सॉफ्टवेअर आवाजाला आवाज जुळवतं, त्यामुळे त्या कॅमेऱ्याचं चित्र तेवढंच आधी येऊन बसतं आणि ओठ आधी हलताना दिसतात. ती क्लिप दोन-तीन फ्रेम उजवीकडे सरकवली की काम झालं. वेव्हफॉर्म तंतोतंत जुळलेत म्हणून सिंक बरोबर आहे, असं धरून चालू नका. शेवटचा निकाल ओठांचा.

तुमच्यासारखा फरक हळूहळू वाढत असेल तर तो ड्रिफ्ट. प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तरी 90 मिनिटांत तो 0.108 सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन फ्रेम होतो. Speed/Duration मधून आवाज ताणायचा मोह होईल, पण तिथे टक्क्याचे दोनच दशांश मिळतात. 0.01 टक्का म्हणजे दीड तासात अर्ध्या सेकंदाहून जास्त, आपल्या चुकीच्या पाचपट. तो मार्ग सोडा.

मी आवाजाला हातच लावत नाही, चित्र कापतो. एका गाण्याच्या कार्यक्रमात दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र शेवटी तीन फ्रेम मागे पडलं होतं, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक. मी 15, 45 आणि 75 मिनिटांच्या आसपास त्या कॅमेऱ्याची क्लिप कापली, एकेक फ्रेम काढली आणि पुढचा भाग डावीकडे ओढला. त्यामुळे चूक कधीच अर्ध्या फ्रेमच्या फार पुढे गेली नाही. हे काप जिथे पडद्यावर दुसरा अँगल आहे तिथेच टाकायचे, म्हणजे चित्रातली बारीक उडी कोणाला दिसतच नाही. चित्र आवाजाच्या पुढे पळत असेल तर उलट करायचं: कापून पुढचा भाग एक फ्रेम उजवीकडे सरकवायचा आणि मोकळी जागा दुसऱ्या अँगलखाली ठेवायची.

ही दुरुस्ती मल्टिकॅम सोर्स सीक्वेन्सच्या आत करा. मुख्य टाइमलाइनवर तुकड्यातुकड्यांनी केलीत तर नंतर अँगल बदलताच सगळं पुन्हा बिघडेल. आत जायला मुख्य टाइमलाइनवरच्या मल्टिकॅम क्लिपवर कंट्रोल धरून (मॅकवर कमांड) डबल-क्लिक करा.

फरक कधी पुढे, कधी मागे असा उड्या मारत असेल तर ती क्लिप बहुधा फोनची आहे. फोन फ्रेम दर स्थिर ठेवत नाहीत. अशी फाइल सिंक करण्याआधी बदलून घ्या:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le -ar 48000 phone_25.mov
```

आवाज बदलण्याचं कारण साधं आहे. प्रोग्रॅम मॉनिटरच्या पान्याच्या मेनूत Multi-Camera Audio Follows Video चालू राहिलं असेल, ते बंद करा. सोर्स सीक्वेन्स बनवताना ऑडिओसाठी Camera 1 निवडा आणि रेकॉर्डरचा आवाज पहिल्या ट्रॅकवर ठेवा. कॅमेऱ्यांचे आवाज म्यूट करा, पण काढून टाकू नका. सिंक पुन्हा तपासायला तेच लागतात.

मग टाइमलाइन चालू ठेवून 1, 2, 3 या कळांनी अँगल बदलत जा. थांबून थांबून कापू नका, गाण्याचा ओघ हातात येत नाही. पहिल्या फेरीत बहुतेक कट थोडे उशिरा पडतात, कारण डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत वेळ जातो. दुसऱ्या फेरीत रोलिंग एडिट टूल (N) घेऊन ते मागे ओढा: गाण्यात समेवर, बोलण्यात नव्या वाक्याच्या श्वासाआधी. आवाज खाली अखंड असल्यामुळे कट कितीही हलवला तरी सिंक जागेवर राहतो. Flatten मात्र ग्राहकाने अंतिम होकार दिल्यावरच करा. त्यानंतर अँगल बदलायची सोय जाते.