उभ्या रेघा आणि काळपट डाग: पॅनल, केबल की आणखी काही?

प्रश्न: "43 इंची एलईडी टीव्ही आहे, साडेतीन वर्षं झाली. चवथीच्या साफसफाईनंतर उजव्या बाजूला दोन उभ्या रेघा आल्यात, एक हिरवी एक गुलाबी, जवळजवळच. आता डावीकडे खाली तळहाताएवढा काळपट डाग पण दिसतोय. टेक्निशियन म्हणतो पॅनल गेलं, 18 हजार. केबलवाला म्हणतो एचडीएमआय वायर बदला. कोणाचं ऐकू? घर मांद्र्याला."

उत्तर:

भाऊ, आधी वायरीचं मिटवून टाकू कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर टीव्हीच्या मागून काढून टाका, पूर्ण काढा, आणि रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा सेटिंगचा मेनू उघडा. मेनू टीव्हीच्या आतच तयार होतो, त्याचा बॉक्सशी नि वायरीशी काही संबंध नसतो. त्या मेनूवरून पण रेघा आरपार जात असतील तर बॉक्स, वायर, केबलवाला सगळे सुटले, दोष टीव्हीच्या पोटात आहे. टीव्ही चालू करताना कंपनीचा लोगो येतो त्यावर रेघ दिसली तरी अर्थ तोच. उलट मेनू स्वच्छ दिसतोय आणि फक्त मागच्या चित्रातच रेघा आहेत असं झालं तर मग बॉक्स बदलून बघा, दुसरा पोर्ट बघा.

खरं सांगायचं तर एचडीएमआय वायर बिघडली की रेघ सहसा येतच नाही. सिग्नल डिजिटल आहे, त्यामुळे वायर खराब झाली की पांढरे ठिपके चमकतात, चित्र मध्येच काळं होऊन परत येतं, नाहीतर सरळ नो सिग्नल. आपल्याकडे पावसात वीज पडली की केबलच्या वायरीतून झटका येऊन बॉक्स आणि टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट दोन्ही जातात, तेव्हा पण हेच होतं, त्या पोर्टवर चित्रच येत नाही. वरपासून खालपर्यंत एकाच जागी ठाम उभी असलेली, चॅनल बदलला तरी न हलणारी रंगीत रेघ वायरीने होत नाही. त्यामुळे केबलवाल्याचं म्हणणं मला पटत नाही, पण मेनूची टेस्ट तुम्ही कराच आणि मेनूसकट फोटो काढून ठेवा, कारण तोच फोटो पुढे टेक्निशियनला दाखवायला लागतो.

आता दोष आत आहे असं धरू. पण आत आहे म्हणजे पॅनल गेलं असं नाही, आणि इथेच लोकांचे पैसे जातात. टीव्हीच्या आत पण केबल असते. मेनबोर्डवरून चित्र टी-कॉन नावाच्या बोर्डावर जातं, तिथून चपट्या रिबन केबलींमधून काचेच्या कडेला असलेल्या लांब पट्टीवर, आणि त्या पट्टीपासून काचेपर्यंत पातळ फिल्मचे तुकडे असतात, त्यांच्यावरच ड्रायव्हर चिप बसवलेली असते. दुकानात आम्ही त्यांना टॅब म्हणतो, काहीजण सीओएफ म्हणतात. टॅब काचेला सोल्डरने जोडलेला नसतो, वाहक कण असलेल्या चिकट फिल्मने गरम दाबून चिकटवलेला असतो.

हे कळलं की रेघेची रुंदी बघून बरंच सांगता येतं. फुल एचडी पॅनलमध्ये आडवे 1920 पिक्सेल, प्रत्येकाचे लाल हिरवा निळा असे तीन, म्हणजे 5760 उभ्या ओळी. समजा सहा टॅब आहेत, तर एका टॅबकडे 960 ओळी, आणि 43 इंची टीव्हीची काच साधारण 95 सेंटीमीटर रुंद, म्हणजे एका टॅबच्या वाट्याला जवळजवळ 16 सेंटीमीटरचा पट्टा. टॅब किती ते मॉडेलवर असतं, पण हिशोब असाच. केसासारखी एक-दोन रेघ म्हणजे एखाद-दुसऱ्या ओळीची जोडणी सुटली. वीतभर रुंद अख्खा पट्टा पांढरा किंवा काळा झाला तर अख्खा टॅब. बरोबर अर्धा स्क्रीन गेला, मध्ये सुरीने कापल्यासारखी कड, तर रिबन केबल किंवा टी-कॉनचा अर्धा भाग. आणि अख्ख्या स्क्रीनवर रेघा नाहीतर रंग पिचकल्यासारखे दिसले तर टी-कॉन, नाहीतर मेनबोर्डकडून टी-कॉनला येणारी केबल. शेवटचे दोन प्रकार असतील तर काच बहुतेक वेळा धडधाकट असते, आणि तरीही 'पॅनल गेलं' म्हणून सांगणारे भेटतात, याचा मला खरंच राग येतो.

मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यातून आलेले टीव्ही उघडले की रिबन केबलीच्या टोकाला सोनेरी पट्ट्या असायला पाहिजेत तिथे हिरवट नाहीतर पांढरी भुकटी दिसते, नखाने खरवडली तर निघते. खारी हवा आणि चार महिने पाऊस, दुसरं काय होणार. ती केबल काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हलक्या हाताने खोडरबर फिरवून परत नीट लॉकमध्ये बसवली की अर्ध्या स्क्रीनचा किंवा रुंद पट्ट्याचा दोष कित्येकदा तिथेच जातो. हे टेक्निशियनने करायचं, तुम्ही नाही, पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावर पण चार्ज राहतो. पण 'रिबन साफ करून बसवून बघितली का' एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुमच्या रेघा मात्र बारीक आणि जवळजवळ आहेत, म्हणजे दोन्ही एकाच टॅबच्या हद्दीत येत असणार, आणि चवथीच्या साफसफाईनंतर आल्यात हे फार महत्त्वाचं. माटोळी बांधायच्या आधी घर धुवून पुसून काढतात तेव्हा टीव्हीवर सरळ स्प्रे मारला जातो, पाणी काचेवरून ओघळून खालच्या कडेत शिरतं, आणि कित्येक मॉडेलमध्ये टॅब नेमके त्याच खालच्या कडेला असतात. ओल राहते, जोडणी गंजायला लागते, काही दिवसांनी रेघ येते. खात्री करायची तर टीव्ही थंड असताना रेघ आहे का आणि तासभर चालल्यावर कमी होते का ते बघा. रेघेच्या बरोबर खाली (आणि वर) प्लॅस्टिकच्या फ्रेमवर बोटाने हलकेच दाबा, फ्रेमवर, काचेवर नाही. रेघ लुकलुकली, रंग बदलला, क्षणभर गेली, तर जोडणी सैल आहे हे नक्की. काहीच फरक पडला नाही तर चिपच गेलेली असू शकते नाहीतर काचेतलीच ओळ तुटलेली, आणि काचेतली तुटली असेल तर टॅब मशीनने परत चिकटवून, म्हणजे बाँडिंग करून पण उपयोग नाही.

आता डाग. हा वेगळा आजार आहे असं मला वाटतं, पण बघूनच ठरवा. मोबाईलमध्ये एक साधा राखाडी रंगाचा फोटो करून पेन ड्राइव्हने टीव्हीवर लावा, खोलीत अंधार करा. काही टीव्हींच्या सपोर्ट मेनूमध्ये Picture Test असतं ते पण चालेल. त्यावर डागाची कड बघा, मग चालू चॅनल लावून डागाच्या आत बघा. डागात चित्र आहे, रंग बरोबर आहेत, फक्त अंधुक, आणि कडा विरघळत जातायत, तर काचेमागून उजेड देणारा एलईडी गेला, काचेला काही झालेलं नाही. अख्खा भाग काळा असेल तर तिरका टॉर्च मारा, फिकट चित्र हलताना दिसलं तरी उत्तर तेच. डागात चित्रच नाही, शाई सांडल्यासारखा काळा, कड धारदार, बाजूला कोळ्याच्या पायांसारख्या रेषा, तर काच आतून फुटलीय, मग टेक्निशियनचं खरं. आणि तिसरा प्रकार, सुकलेल्या पाण्याचा फरशीवर उरतो तसा गडद किनार असलेला डाग, चित्र दिसतंय पण मळकट, म्हणजे पाणी मागच्या पांढऱ्या शीटांमध्ये गेलंय. साफसफाईचं ऐकून मला हा पण संशय आहे.

तळहाताएवढा एकच डाग असेल आणि बाकी उजेड ठीक असेल तर बहुतेक काचेमागच्या एलईडी पट्टीवरचा एक एलईडी शॉर्ट झालेला असतो. एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक शॉर्ट झाला तर तोच विझतो, बाकीचे चालतात. तोच आतून तुटून सर्किट तुटलं तर अख्खी पट्टी विझते, किंवा टीव्हीचा आवाज येतो नि स्क्रीन काळा. एक गेला की बाकीचे पण त्याच वयाचे, म्हणून पट्ट्यांचा पूर्ण सेट बदललेला बरा, आणि तोपर्यंत सेटिंगमध्ये बॅकलाइट निम्म्यावर आणा, फुल्ल ठेवल्यामुळेच ते लवकर जातात.

पण इथे एक गोष्ट नीट ऐका, तुमच्या केसमध्ये हीच सगळ्यात मोठी आहे. एलईडी पट्ट्या बदलायला काच पूर्ण उचलून बाजूला ठेवावी लागते, आणि काचेबरोबर ते टॅब लोंबकळत उचलले जातात. तुमचा उजवीकडचा एक टॅब आधीच कमकुवत आहे. आधी डागाचं काम केलं तर दोनच्या दहा रेघा होऊन परत येऊ शकतात, आणि मग दुकानदार म्हणणार आधीच होत्या. म्हणून क्रम असा ठेवा की रेघेची तपासणी आधी, बाँडिंगने बसेल की नाही ते आधी ठरवा. बसणार नसेल तर मग डागावर पैसे घालायचे की दोन रेघांसकट टीव्ही तसाच बघायचा हे तुमच्या हातात, दोन बारीक रेघांनी टीव्ही बंद पडत नाही, फक्त हळूहळू वाढू शकतात.

बाँडिंग ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांच्याकडेच करा. जुना टॅब गरम करून काढतात, काच साफ करतात, नवी फिल्म लावून मशीनने दाबतात. कोणी फ्रेममध्ये फोमचा तुकडा नाहीतर घडी घातलेला कागद खुपसून रेघ घालवून दाखवली तर पैसे देऊ नका, ती परत येणारच. काम झाल्यावर टीव्ही तिथेच काही तास चालू ठेवून, बंद करून थंड झाल्यावर परत चालू करून दाखवायला सांगा, सैल जोडणी थंड झाल्यावरच उघडी पडते. आणि 18 हजार देऊन पॅनल बदलायच्या आधी त्याच साइजच्या नव्या टीव्हीची किंमत विचारा, फरक फार नसेल तर वॉरंटीवाला नवा घेतलेला परवडतो.

मेनू उघडा ठेवून रेघांचा एक फोटो आणि राखाडी स्क्रीनवर डागाचा एक जवळून, एक लांबून, इथे टाका. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पण टाका म्हणजे टॅब वर आहेत की खाली ते बघून सांगतो. तोपर्यंत खालची कड ओल्या फडक्याने पुसू नका, पुसायचंच असेल तर कोरडं मऊ फडकं.