परित्याग आणि क्रूरता: कोर्टात कोणता पुरावा चालतो?

प्रश्न: पत्नी अडीच वर्षांपासून माहेरी आहे, घटस्फोटाला तयार नाही. कोर्टात काय सिद्ध करावे लागेल?

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13 नुसार परित्याग हा घटस्फोटाचा अर्ज दाखल करण्यापूर्वी सलग दोन वर्षांचा असावा लागतो. मात्र केवळ वेगळे राहणे म्हणजे परित्याग नव्हे, तर योग्य कारणाशिवाय आणि कायमचे सोडून जाण्याचा हेतूही सिद्ध करावा लागतो. त्यामुळे परत येण्याविषयी तुम्ही पाठवलेली पत्रे, वकिलांची नोटीस आणि त्यांना मिळालेली उत्तरे निर्णायक ठरतात. तिने मनापासून परतण्याची तयारी दाखवली असेल आणि तुम्हीच नकार दिला असेल, तर हा मुद्दा बहुधा कोसळतो.

क्रूरतेसाठी दोन वर्षांची अट नाही, परंतु ‘सतत त्रास दिला’ असे मोघम लिहून भागत नाही. तारीख, प्रसंग आणि साक्षीदार द्यावे लागतात. व्हॉट्सॲप संदेशांच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे, आणि मूळ फोन मात्र कृपया जपून ठेवावा. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा येथे लागत नाही. संभाव्यतेचे पारडे तुमच्या बाजूने झुकणे पुरेसे असते.