फक्त एकाच कन्सोलवर पिंग उसळतो, तर आधी काय तपासायचं?

प्रश्न: म्हापशाच्या आमच्या जुन्या घरात फायबरचं एकच कनेक्शन आणि दोन पीएस५ आहेत. हॉलमधल्यावर सगळं नीट चालतं, पण आतल्या खोलीतल्यावर तोच गेम मध्येच अडकतो, पिंग ४० वरून ३०० वर जातो. नॅट टाइप बदलू, की कंपनीकडे तक्रार करू?

उत्तर:

तक्रार एवढ्यात नको. आधी दोघांनी एकाच वेळी तोच गेम, तोच सर्व्हर रिजन निवडून खेळून पाहा. आतला ३०० वर गेला त्याच क्षणी हॉलमधला ४० वरच असेल, तर फायबर आणि गेमचा सर्व्हर दोन्ही निर्दोष आहेत, कारण तिथवरचा रस्ता दोघांचा एकच. उरतो तो राउटरपासून आतल्या खोलीपर्यंतचा टप्पा आणि तो कन्सोल. या दोघांतला दोषी कोण, हे कळायला कन्सोलची अदलाबदल करा. त्रास कन्सोलबरोबर हॉलमध्ये आला, तर दोष त्या कन्सोलमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. आतल्या खोलीतच राहिला, तर वाय-फायमध्ये.

नॅट टाइप पाहायला हरकत नाही. सेटिंगमधल्या नेटवर्कमध्ये जाऊन Test Internet Connection चालवलं की तो दिसतो. टाइप २ असेल तर त्याला हात लावू नका. टाइप ३ असेल तर मित्रांच्या पार्टीत शिरता येत नाही, आवाज पोचत नाही, मॅच जुळायला वेळ लागतो. असं काही होत असेल तर राउटरमध्ये यूपीएनपी चालू आहे का ते बघा. पण गेम सुरू झाल्यावर पिंग मधूनमधून उसळणं हे सहसा नॅटचं लक्षण नसतं.

डाउनलोड मात्र जरूर तपासा. पीएस बटण दाबून Downloads/Uploads उघडा. एखादा अपडेट चालू असेल तर थांबवा, आणि खेळताना काढलेले व्हिडिओ आपोआप अपलोड होत असतील तर तेही बंद करा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या डाउनलोडने लाइन भरली, तर झळ दोन्ही कन्सोलना बसते. त्याच कन्सोलवरचं डाउनलोड मात्र बऱ्याच राउटरवर त्याच्यापुरतीच रांग लावतं, आणि गेमची छोटी पाकिटं त्या रांगेत मागे अडकतात.

हे दोन्ही ठीक निघालं, तर उरलं वाय-फाय. आपल्याकडच्या जुन्या घरांत मला खरा संशय त्याचाच येतो. चिऱ्याची जाड भिंत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार खाते. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोचतो, पण तिथे शेजाऱ्यांचे राउटर आणि ब्लूटूथ यांची गर्दी असते. शिवाय स्पीड टेस्ट इथे फसवते. ती सरासरी दाखवते, अधूनमधून अर्धा सेकंद अडकलेलं पाकीट त्यात दिसत नाही. म्हणून कन्सोलच्याच जागी लॅपटॉप ठेवा, त्याच बँडवर जोडा आणि इंटरनेटला नव्हे, राउटरलाच पिंग करा. विंडोजवर असं:

```
ping -t 192.168.1.1
```

राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला. पाच-दहा मिनिटं चालू द्या. आकडे बहुतेक वेळ एक अंकी हवेत; मधूनच १००-२०० दिसले किंवा Request timed out आलं, तर पाकिटं घरातल्या घरातच अडकताहेत.

फोंड्याला आमच्या नात्यातल्या एका घरी नेमकं हेच होतं. राउटर ओसरीत, कन्सोल दोन भिंतींपलीकडे, २.४ वर. लॅपटॉपवर ३-४ मिलिसेकंद येत आणि मधूनच २०० च्या वर उडी. कन्सोलला मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली होती. यूएसबी ३ च्या डिस्क आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट निघतो, म्हणून ती आधी कन्सोलच्या सेटिंगमधून बंद करून काढली. तिच्यावरून पीएस५ चे गेम चालत नाहीत, फक्त पीएस४ चे चालतात, त्यामुळे खेळ अडला नाही. उड्या कमी झाल्या, पण संध्याकाळी शेजारी सगळे घरी आले की पुन्हा सुरू. शेवटी राउटरपासून दारातून साधी कॅट ५ई केबल जमिनीवरून नेऊन खेळलो आणि पिंग सपाट झाला. मग तीच केबल वाशांच्या कडेने कायमची लावली.

तुम्हीही आधी अशी केबल नुसती टाकून एक संध्याकाळ खेळा, भिंतीला भोक पाडायचं ते नंतर. केबल शक्यच नसेल, तर सिग्नल चांगला येतो का बघून कन्सोल ५ गिगाहर्ट्झवर पक्का करा. Automatic वर ठेवलं तर तो दोन बँडमध्ये उड्या मारू शकतो. वायरलेस मेशने सिग्नलच्या काड्या वाढतील, पण दोन डब्यांमधला टप्पाही हवेतूनच जातो, त्यामुळे उसळ्या पूर्ण जातीलच असं नाही. आणि केबल लावूनही त्याच कन्सोलवर पिंग उसळला, तर केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये घालून पाहा. तरीही फरक नसेल तर कन्सोल सर्व्हिस सेंटरला दाखवा.