पुढच्या वेळी आधी एक डोळा झाका

प्रश्न: मला अधूनमधून एका डोळ्यासमोर दहा-पंधरा मिनिटं अंधारी येते, नंतर डोकं दुखतं. हे रेटिनल मायग्रेन असेल का? की नेहमीचा ऑरा? डॉक्टरकडे जायलाच हवं का?

पुढच्या वेळी सुरू झालं की आधी उजवा डोळा तळव्याने झाका, मग डावा. मीसुद्धा दहा वर्षं ‘डाव्या डोळ्यात होतं’ असंच सांगायचे. वाचताना एखादं अक्षर गायब व्हायचं, मग तिथून दातेरी, चकाकणारी कड पसरत पसरत वीसेक मिनिटांत डावीकडे निघून जायची. झाकून बघितलं तेव्हा कळलं, की ती दोन्ही डोळ्यांत आहे. डोळे मिटले तरी दिसते. हा ऑरा, मायग्रेनच्या डोकेदुखीआधी बहुधा येणारा. तो मेंदूच्या मागच्या भागात होतो, आणि तिथला उजवा भाग दोन्ही डोळ्यांची डावी बाजू बघतो, म्हणून डावा डोळा बिघडल्यासारखं वाटतं. एक डोळा झाकल्यावर अंधार पूर्ण गेला आणि दुसरा झाकल्यावर तसाच राहिला, तरच तो एका डोळ्याचा.

आमच्या अण्णांनी ही परीक्षा न सांगता केली होती. वय ६९. सकाळी पेपर वाचताना उजव्या डोळ्यावर वरून शटर ओढल्यासारखं झालं आणि चार-पाच मिनिटांत पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. त्यांनी चष्म्याची एकेक काच हाताने झाकून बघितली, आणि पेपरच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने एक गोल काढून त्याचा वरचा अर्धा भाग रेघा मारून भरला. त्यांना तरुणपणी अर्धशिशीचा त्रास होता. दादा म्हणाला, “हिला होतं तेच अण्णांना झालंय, घराण्यातच आहे. पडून राहा.” मी परोपरीने सांगितलं, की माझं चमकतं आणि हळूहळू पसरतं, यांचं झटक्यात काळं झालं. पण घरात दादाचा शब्द चालतो.

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. हॉस्पिटलात मानेचा डॉप्लर, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, केला, तेव्हा उजव्या बाजूची धमनी चरबीने खूपच अरुंद झालेली निघाली. तिथून सुटलेला कण आधी उजव्या डोळ्याच्या रक्तवाहिनीत अडकला आणि पुढे सरकला, म्हणून दिसायला लागलं. पुढचा कण मेंदूच्या उजव्या भागात गेला, म्हणून डावा हात. धमनी ऑपरेशनने साफ केली, हात बराच परत आला, तरी शर्टाची गुंडी अजून आई लावते.

दादा आजही म्हणतो, तेव्हा कळण्यासारखं काही नव्हतं. होतं. वय होतं, झटका होता, नुसता काळोख होता आणि नंतर डोकं दुखलं नव्हतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं झालं तर मायग्रेन हा शब्द सगळ्यात शेवटी काढायचा, आणि दिसायला लागलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. रेटिनल मायग्रेन, म्हणजे एकाच डोळ्याचं मायग्रेन, असतं, पण दुर्मिळ. पाच मिनिटं ते तासभर टिकतं, बहुधा हळूहळू पसरतं, डोकेदुखी सोबत किंवा तासाभरात येते, आणि नजर पूर्ण परत येते. तुमचं वर्णन जुळतंय. तरी हे नाव डॉक्टर बाकीचं सगळं तपासून, काही सापडलं नाही तरच देतात: बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, मानेचा डॉप्लर, हृदयाची तपासणी, रक्त. जाताना अण्णांसारखं चित्र काढून न्या, झाकलेल्या डोळ्याची नोंद करून. तो पेपर मी रद्दीतून काढून नेला होता. डॉक्टरांनी तो बघितला आणि आधी मानेचंच विचारलं.

काही गोष्टींत मात्र दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबू नका. अंधार गेलाच नाही. चमक दिसून काळ्या ठिपक्यांचा सडा पडला आणि कडेने सावली सरकायला लागली, म्हणजे पडदा सुटत असू शकतो. डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात: हा काचबिंदूचा झटका असू शकतो, आणि घरोघरी त्यालाच पित्त किंवा अर्धशिशी म्हणून झोपवून ठेवतात. पन्नाशीपुढच्या माणसाला केस विंचरताना डोक्याची कातडी दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर तेही लगेच सांगायचं.

मी डॉक्टर नाही. मला ऑरा आहे, एका डोळ्याचं मायग्रेन नाही. आणि एक राहिलं: नेहमीच्या मायग्रेनसाठी कुणी ट्रिप्टानच्या गोळ्या दिल्या असतील, तर अंधार एकाच डोळ्यात येतो हे त्यांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. त्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून अशा रुग्णांना सहसा देत नाहीत.