निफ्टी वर, शेअर खाली: बाजाराची रुंदी मोजताना

निफ्टी हिरवा असतो तेव्हाही माझा पोर्टफोलिओ लालच. 'ॲडव्हान्स-डिक्लाइन बघा' म्हणतात, त्यातून काय कळतं?

दिवसात किती शेअर वाढले आणि किती घटले याची ही मोजणी. वाढ मोजक्याच शेअरांत आहे की सर्वदूर, म्हणजेच बाजाराची रुंदी, त्यातून कळते. निफ्टीत शेअरचं वजन फ्री-फ्लोट बाजारमूल्यावर ठरतं, त्यामुळे एचडीएफसी बँक किंवा रिलायन्स हलली की निर्देशांक हलतो. समजा, पाच वजनदार शेअरांचं मिळून वजन ४० टक्के आहे आणि ते सरासरी दीड टक्का वाढले, तर निर्देशांकाला ०.६ टक्के मिळाले. उरलेले ४५ शेअर सरासरी अर्धा टक्का पडले, तर ०.३ टक्के गेले. २५,००० च्या निफ्टीवर ७५ अंकांची वाढ दिसेल, आणि पन्नासातले ४५ शेअर लाल असतील. ॲडव्हान्स-डिक्लाइनमध्ये मात्र प्रत्येक शेअरला एकच मत, लहान असो वा मोठा.

रोजचा आकडा फारच उड्या मारतो. ॲडव्हान्स-डिक्लाइन लाइन घरी कशी काढू?

वाढलेल्यांतून घटलेले वजा करायचे आणि उत्तर कालच्या बेरजेत मिळवत जायचं. न हललेले शेअर सोडून द्या. सुरुवात १०,००० पासून केली आणि पहिल्या दिवशी १,४५० वाढले, १,०५० घटले, तर लाइन १०,४००. दुसऱ्या दिवशी ९०० वाढले, १,६०० घटले, तर ९,७००. सुरुवातीचा आकडा कोणताही घ्या, बघायचा असतो तो चढ-उतार. वाढलेले B मध्ये, घटलेले C मध्ये आणि बेरीज D मध्ये असेल, तर D3 मध्ये:

```
=D2+B3-C3
```

एनएसईच्या भावकॉपीतून, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलमधून मोजत असाल तर एक खबरदारी घ्या. EQ सिरीजमध्ये ईटीएफही असतात. सोन्याचे सगळे ईटीएफ एकाच दिवशी एकाच दिशेला जातात, म्हणजे कंपन्यांच्या मोजणीत सोन्याची मतं घुसतात. ते आधी गाळा. दहा-पंधरा वर्षांची लाइन काढायची असेल तर नुसती वजाबाकी पुरत नाही, कारण कंपन्यांची संख्याच बदलत जाते. तेव्हा वजाबाकीला दोन्हींच्या बेरजेने भागा: वरच्या उदाहरणात पहिला दिवस अधिक १६ टक्के, दुसरा उणे २८.

निफ्टी ५०० मधले २०० दिवसांच्या सरासरीवरचे शेअर मीही मोजतो, पण माझं प्रमाण इतरांपेक्षा वेगळं येतं. चूक कुठे असेल?

पहिला संशय बोनस आणि स्प्लिटवर घ्या. २,००० च्या आसपास असलेल्या शेअरला एकास एक बोनस मिळाला की भाव १,००० होतो, पण जुने भाव समायोजित केले नसतील तर सरासरी २,००० जवळच राहते. पुढे भाव तिथेच स्थिर राहिला, तरी शेवटचा जुना भाव खिडकीतून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ २०० सत्रं, तो शेअर 'सरासरीखाली' मोजला जाईल. ॲडव्हान्स-डिक्लाइनमध्ये हीच चूक एका दिवसापुरती असते. इथे ती दहा महिने मुक्काम ठोकते. एखादा शेअर सरासरीपेक्षा बरोबर निम्म्यावर दिसला तर आधी कॉर्पोरेट ॲक्शन तपासा.

दुसरी गोष्ट भाजकाची. नव्या आयपीओचे २०० भाव झालेले नसतात, म्हणून सरसकट ५०० ने भागू नका. E मध्ये भाव वजा सरासरी ठेवा, अपुऱ्या माहितीच्या शेअरची ओळ रिकामी सोडा, आणि:

```
=COUNTIF(E2:E501,">0")/COUNT(E2:E501)
```

मागची वर्षं तपासताना आजची यादी वापरली, तर प्रमाण फुगतं. यादी वर्षातून दोनदा बदलते, आणि आज आत असलेले बरेच शेअर वाढले म्हणूनच आत आले. घसरून बाहेर पडलेले तुमच्या मोजणीत नसतातच. हा दोष आकड्यांकडे बघून ओळखू येत नाही. त्या-त्या वेळची यादी मिळत नसेल तर जुन्या आकड्यांवरून नियम बसवू नका.

प्रमाण घसरू लागलं की विकून मोकळं व्हावं का?

नाही. २०१८ आठवा. मिडकॅप निर्देशांकाने जानेवारीत शिखर गाठलं आणि तो उतरू लागला. निफ्टी मात्र ऑगस्टअखेर ११,७०० च्या वर नव्या उच्चांकाला गेला. मग ऑक्टोबरात १०,००० जवळ आला. इशारा खरा होता, पण सात महिने लवकर. त्या काळात निफ्टीतून बाहेर पडलेला चढ हुकलेला बघत बसला आणि मिडकॅप धरून बसलेला आधीच मार खात होता. म्हणून रुंदी आटू लागली की आमचा सल्ला एवढाच: लहान शेअरांत नवी खरेदी थांबवा, स्टॉपलॉस जवळ आणा.

तळाशी हिशेब थोडा वेगळा. मार्च २०२० मध्ये जवळजवळ सगळेच शेअर सरासरीखाली होते. प्रमाण १५ टक्क्यांखाली गेलं म्हणून लगेच खरेदी करू नका, ते तिथून पाचवरही जातं. ५० दिवसांच्या सरासरीचं प्रमाण आधी वळतं, २०० चं बरंच मागाहून. पहिलं निम्म्याच्या वर टिकलं की थोडी खरेदी, दुसऱ्याची वाट बघत बाकीची.